हजाराच्या रिचार्जला युनिट कमी का येतात? पावतीच्या फोटोवरून प्रीपेड विजेचा हिशेब

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. बहुतेक पोरं विद्यापीठात नाहीतर आसपासच्या कॉलेजांत शिकणारी. प्रत्येक खोलीला प्रीपेड सबमीटर आहे आणि त्याचा हिशेब माझ्याकडे. महिना सुरू झाला की ग्रुपवर पावतीचा फोटो पडतो आणि खाली ठरलेलं वाक्य येतं: "काका, हजार टाकले, युनिट अठ्ठ्याहत्तरच आले. मागल्या वेळी ब्याण्णव आल्ते. मीटर बिघडलंय का बघा की."

मीटर सहसा बिघडलेलं नसतं. पण "तसंच असतंय ते" असं सांगून कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये. हजार रुपयांतून काय काय गेलं आणि उरलेल्या पैशांत किती युनिट बसतात, हे पावतीवरच्या आकड्यांतून पैशापर्यंत जुळवता येतं. फोटो पुसट असला, वरची एखादी ओळ कापली गेली असली, तरी बऱ्याचदा जुळवता येतं. कसं ते एका पावतीवर करून दाखवतो. खालचे दर आमच्या इमारतीच्या दरपत्रकातले आहेत. तुमच्याकडे जे छापलं असेल ते घाला, रीत तीच राहते.

आधी पावती कुठल्या प्रकारची आहे ते बघा

पावतीवर वीस आकडी टोकन नंबर असेल, चार-चार आकड्यांचे पाच गट पाडून छापलेला, आणि तो तुम्ही मीटरच्या बटणांवर दाबत असाल, तर तुमचं मीटर युनिटांवर चालतं. ही पद्धत मूळची दक्षिण आफ्रिकेची, एसटीएस या नावाने ओळखली जाते. यात पैशांचे युनिट विक्रीच्या वेळीच ठरतात आणि टोकनमध्ये युनिटच भरलेले असतात. स्थिर आकार, कर, थकबाकी हे सगळं विकणाऱ्या यंत्रणेने आधीच कापलेलं असतं. मीटरला रुपयांचा पत्ताही नसतो. हा लेख त्याच पावतीबद्दल आहे.

टोकन नसेल, पैसे भरले की आपोआप जमा होत असतील आणि ॲपवर शिल्लक रुपयांत दिसत असेल, तर तिथे "युनिट किती आले" हा प्रश्नच चुकीचा पडतो. तिथे हजार भरले की हजार जमा होतात आणि रोजच्या वापराचे व स्थिर आकाराचे पैसे त्यातून रोज कमी होतात. त्या पावतीवर खालचा भागाकार करून काही हाती लागणार नाही. आणि महावितरणचं दर महिन्याला येणारं नेहमीचं बिल हा तर पूर्ण वेगळा कागद आहे. तिथे आधी वापर आणि मग पैसे, म्हणजे आपल्या हिशेबाच्या अगदी उलट दिशा.

एक पावती, पहिल्या ओळीपासून

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली पावती घेऊ. महिन्यातलं पहिलंच रिचार्ज, रक्कम १००० रुपये. पावतीवरच्या ओळी अशा:

```
भरलेली रक्कम      १०००.००
सेवा शुल्क           १०.००
जीएसटी १८%           १.८०
स्थिर आकार          १३०.००
वीज शुल्क १६%       १३६.३०
वीज आकार           ७२१.९०
दर प्रति युनिट         ९.२०
युनिट                ७८.५
```

सेवा शुल्क म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्याचा आणि टोकन काढून देणाऱ्याचा मोबदला. जीएसटी फक्त त्या दहा रुपयांवर आहे. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे ही ओळ रुपया-दोन रुपयांच्या पुढे गेलेली दिसली तर तिथेच थांबून विचारायचं. हे ११.८० वजा केले की विजेसाठी उरले ९८८.२०.

आता वीज शुल्क. महाराष्ट्रात घरगुती वापरावर ते १६ टक्के आहे. नव्वद टक्के भांडणं या एका ओळीवर होतात. पोरं कॅल्क्युलेटर काढतात, ९८८.२० चे सोळा टक्के १५८.११ काढतात आणि म्हणतात, "पावतीवर १३६.३० हाय, म्हणजे उलट कमीच कापलंय की." मग त्या १५८.११ वरून पुढचा हिशेब करतात आणि तो पावतीशी जुळत नाही.

कारण सोळा टक्के तुम्ही भरलेल्या रकमेवर लागत नाहीत. ते विजेच्या मूळ रकमेवर लागतात, आणि मूळ रक्कम अधिक शुल्क मिळून ९८८.२० होतात. म्हणजे मूळ रक्कम शंभर धरली तर तुम्ही भरता एकशे सोळा. आपल्याला एकशे सोळावरून शंभरावर यायचंय. म्हणून वजाबाकी करायची नाही, १.१६ ने भागायचं:

```
९८८.२० ÷ १.१६ = ८५१.९०
९८८.२० − ८५१.९० = १३६.३०
```

८५१.९० ही शुल्काच्या आधीची रक्कम आणि १३६.३० हे शुल्क. पावतीशी पैशाला पैसा जुळलं. उलट करून बघा, ८५१.९० चे सोळा टक्के १३६.३० च येतात.

या ८५१.९० मध्ये स्थिर आकार आणि वीज आकार दोन्ही आहेत, कारण शुल्क दोघांच्या बेरजेवर लागतं. स्थिर आकाराचे १३० काढले की वीज आकार ७२१.९० उरला. तो ९.२० ने भागला की ७८.४७. टोकनमध्ये युनिट एका दशांश स्थळापर्यंतच भरता येतात, म्हणून पावतीवर ७८.५ छापलं गेलं. हिशेब संपला.

महिन्यातल्या दुसऱ्या रिचार्जला स्थिर आकार पुन्हा लागत नाही. तेव्हा ८५१.९० सगळेच्या सगळे विजेला जातात आणि ९.२० ने भागल्यावर ९२.६ युनिट येतात. "मागल्या वेळी ब्याण्णव आल्ते" म्हणणाऱ्या पोराचं तेच झालेलं असतं. त्याची मागची पावती जुलैच्या वीस तारखेची, आत्ताची ऑगस्टच्या तीन तारखेची. फरक १४.१ युनिटांचा, आणि १३० भागिले ९.२० केलं की तेवढाच येतो. दोन पावत्या शेजारी ठेवताना आधी तारखा बघा. कोणी ३१ तारखेला घाईने रिचार्ज मारून स्थिर आकार वाचवल्याचा आनंद मानत असेल तर त्याला सांगा, तो वाचत नाही, पुढच्या रिचार्जला कापला जातो.

रोज हा सगळा खटाटोप नको असेल तर एक आडवाट आहे. स्थिर आकार शुल्कासकट १५०.८० होतो, दर शुल्कासकट १०.६७ होतो. मग महिन्याच्या पहिल्या रिचार्जसाठी रकमेतून ११.८० आणि १५०.८० वजा करा आणि उरलेलं १०.६७ ने भागा. हजारासाठी ८३७.४० भागिले १०.६७, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर. पुढच्या रिचार्जांना फक्त ११.८० वजा करायचे. हे दोन आकडे आमच्या इमारतीत जिन्याखाली खडूने लिहून ठेवलेत. तरीही फोटो येतात, ते वेगळं.

उत्तर जुळलं नाही तर ते कितीने चुकलं ते बघा

या हिशेबात मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे चुकलेलं उत्तरही चूक कुठे झाली ते सांगतं. वरच्याच हजाराच्या पावतीवर वेगवेगळ्या चुका मुद्दाम करून बघितल्या तर प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं.

तुम्हाला ७६.१ आलं, तर तुम्ही भागण्याऐवजी सोळा टक्के वजा केलेत. ७९.६ आलं, तर सेवा शुल्क आणि त्यावरचा जीएसटी काढायचे राहिले. ८०.४ आलं, तर तुम्ही आधी १३० काढून मग १.१६ ने भागलंत, म्हणजे स्थिर आकारावर शुल्कच लावलं नाहीत.

ही शेवटची चूक दोन्ही बाजूंनी होते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. काही खाजगी सबमीटर यंत्रणांमध्ये दर भरणाऱ्याने स्थिर आकाराच्या रकान्यात शुल्क धरूनच रक्कम टाकलेली असते, १३० च्या जागी १५०.८०. तेवढंच असेल आणि त्या रकमेवर पुन्हा शुल्क लागत नसेल तर युनिट बरोबरच येतात. पण कधी कधी यंत्रणा त्या १५०.८० वर पुन्हा सोळा टक्के लावते. मग ८५१.९० मधून १५०.८० गेले, ७०१.१० उरले आणि युनिट आले ७६.२. आता हे ७६.२ आणि सोळा टक्के वजा केल्यावर येणारं ७६.१ इतके जवळ आहेत की नुसत्या युनिटांवरून ओळखता येत नाही. अशा वेळी शुल्काची ओळ बघायची. ती १३६.३० असेल तर यंत्रणेने भागाकार बरोबर केलाय आणि गडबड स्थिर आकारात आहे. ती १५८.११ असेल तर यंत्रणाच टक्के वजा करतेय, आणि ही चूक प्रत्येक रिचार्जला प्रत्येक खोलीला बसत असणार.

फोटोत आकडा दिसत नाही तेव्हा

पावत्या थर्मल कागदावरच्या असतात. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदच काळा पडतो. म्हणून पावती गाडीच्या डिकीत उन्हात राहिली की सगळी काळवंडते, आणि पाकिटात प्लॅस्टिकच्या कप्प्यात ठेवली की अक्षरं उडत जातात. त्यात फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला, मधोमध चकाकी. ३ आणि ८, ५ आणि ६, १ आणि ७ यांत फरक करणं अवघड होतं. दशांश चिन्ह तर सगळ्यात आधी जातं आणि ७८.५ चे ७८५ होतात.

अशा वेळी डोळे ताणून उपयोग नाही. पावतीवरच्या ओळी एकमेकींना बांधलेल्या असतात, एक गेली तर बाकीच्यांवरून ती परत काढता येते.

युनिटांचा आकडा "७?.५" इतकाच दिसतोय असं समजू. ७३.५ असेल की ७८.५? वीज आकार ७२१.९० आणि दर ९.२० दिसत असतील तर भागाकार ७८.४७ येतो, म्हणजे मधला आकडा ८. ७३.५ असता तर वीज आकार ६७६ रुपयांच्या आसपास असता.

दर पुसला गेलाय आणि युनिट दिसतायत, तर उलट भागा. ७२१.९० भागिले ७८.५ म्हणजे ९.१९६. इथे नेमका ९.२० येत नाही म्हणून गोंधळू नका. युनिट एकाच दशांशापर्यंत छापलेले आहेत, खरा आकडा ७८.४५ ते ७८.५५ यांत कुठेही असू शकतो, त्यामुळे दर ९.१९ ते ९.२० यांत कुठेतरी निघणार. दरपत्रकात या पट्ट्यात बसणारा एकच दर असतो.

स्थिर आकाराची ओळ फोटोत कापली जाणं हे सगळ्यात जास्त होतं, कारण ती बहुतेक वेळा घडीवर येते. मग शुल्काआधीच्या रकमेतून युनिटांची किंमत काढायची: ८५१.९० वजा ७८.५ गुणिले ९.२०, म्हणजे ८५१.९० वजा ७२२.२०, म्हणजे १२९.७०. हा १३० च. युनिट एका दशांशापर्यंत आणल्यामुळे अर्धा रुपया इकडे-तिकडे होणारच, कारण युनिटाच्या अर्ध्या दशांशाची किंमत ९.२० च्या दराने ४६ पैसे होते. म्हणून ४६ पैशांपर्यंतचा फरक सोडून द्यायचा. उत्तर १३५ किंवा १२२ आलं तर मात्र तो त्यामुळे आलेला फरक नव्हे, मधे आणखी एखादी वजावट लपलेली आहे किंवा दुसरा एखादा आकडा तुम्ही चुकीचा वाचलाय.

याला एक मर्यादा आहे. एका पावतीत एकच अनोळखी आकडा काढता येतो. दर आणि स्थिर आकार दोन्ही पुसले असतील तर नुसत्या युनिटांवरून कितीही जोड्या बसतात, आणि माणूस आपल्याला हवी ती बसवतो. तेव्हा त्याच महिन्यातली दुसरी पावती शोधायची. तिच्यावर स्थिर आकार नसल्यामुळे दर सरळ मिळतो. तीही नसेल तर यंत्रणेकडून पावतीची प्रत मागायची. आमच्या यंत्रणेत ग्राहक क्रमांक आणि तारीख दिली की ती पुन्हा काढून मिळते.

फोटो काढतानाच थोडी काळजी घेतली तर यातलं काहीच करावं लागत नाही. पावती टेबलावर सपाट ठेवा, दिवसा खिडकीजवळ फ्लॅशशिवाय काढा, चारही कडा फोटोत येऊ द्या. आणि पैसे भरल्या दिवशीच काढा, महिन्याने नव्हे. टोकन नंबर त्या एकाच मीटरसाठी असतो आणि एकदाच चालतो, त्यामुळे तो दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. पण ग्राहक क्रमांक आणि मोबाइल नंबर ग्रुपवर टाकायचं कारण नाही, तेवढ्यावर बोट ठेवून फोटो काढला तरी चालतं.

जूनमधला धक्का

मे महिन्यात परीक्षा संपल्या की पोरं गडहिंग्लज, चंदगड, जत, कुठकुठं गावाकडे जातात. खोलीला कुलूप, मीटरला कोणी हात लावत नाही. जूनमध्ये आल्यावर पहिलं रिचार्ज पाचशेचं मारतात आणि पावतीवर साडेसतरा युनिट बघून थेट फोन येतो.

त्याचा हिशेब असा. ५०० मधून ११.८० गेले, ४८८.२० उरले. १.१६ ने भागले की ४२०.८६. यातून स्थिर आकार दोन महिन्यांचा कापला गेला, मेचा आणि जूनचा, म्हणजे २६०. उरले १६०.८६, भागिले ९.२०, म्हणजे १७.५ युनिट. वापर शून्य असला तरी स्थिर आकार थांबत नाही, तो जोडणी चालू ठेवण्याचा आकार आहे. गावाला जाण्याआधीच मेच्या सुरुवातीला एखादं छोटं रिचार्ज करून ठेवलं असतं तर जूनमध्ये एवढं झोंबलं नसतं, पण एकूण पैसे तेवढेच गेले असते. उलट एका रिचार्जचे ११.८० जास्तच.

इथे पावतीत एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. काही पावत्यांवर जुन्या महिन्यांचा स्थिर आकार "थकबाकी" म्हणून वेगळ्या ओळीत येतो आणि चालू महिन्याचा "स्थिर आकार" म्हणून. थकबाकीच्या ओळीत शुल्क आधीच धरलेलं असू शकतं, म्हणजे तिथे १३० ऐवजी १५०.८०. तसं असेल तर ती रक्कम १.१६ ने भागण्याच्या आधी काढायची, नंतर नाही. पाचशेच्या याच पावतीत ४८८.२० मधून १५०.८० आधी काढले तर ३३७.४० उरतात, १.१६ ने भागून २९०.८६, त्यातून १३० गेले की पुन्हा १६०.८६ आणि पुन्हा साडेसतरा. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं पाहिजे. थकबाकी १५०.८० ची असून ती भागाकारानंतर काढलेली असेल तर युनिट १५.२ येतात. असं निघालं तर तक्रार करायला जागा आहे, कारण एकाच रकमेवर दोनदा शुल्क गेलंय.

पावतीवर ७८.५, मीटरवर ७२.३

हा प्रश्नही दर महिन्याला येतो आणि याचं उत्तर पावतीत नसतं. शिल्लक संपल्यावर मीटर लगेच अंधार करत नाही, थोडे उधारीचे युनिट देतं. रात्री अकराला शिल्लक शून्य झाली, पंखा सकाळपर्यंत चालला, तर मीटर उणे दाखवायला लागतं. उणे ६.२ वर असताना ७८.५ चं टोकन टाकलं तर पडद्यावर ७२.३ दिसणार. काही मीटर उणे न दाखवता नुसता दिवा लुकलुकवतात, त्यामुळे माणसाला उधारी घेतल्याचं कळतही नाही.

म्हणून टोकन दाबण्याआधी मीटरवरचा आकडा फोटोत घ्या आणि दाबल्यावर पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक पावतीवरच्या युनिटांएवढा आला की पावती आणि मीटर यांत भांडण नाही. हे दोन फोटो नसतील तर "मीटर युनिट खातंय" या तक्रारीवर मी तरी काही करू शकत नाही.

टप्प्यांचा दर असेल तर

आमच्याकडे एकच दर आहे. पण काही ठिकाणी महावितरणच्या घरगुती दरांसारखे टप्पे असतात: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी. तिथे वीज आकार एका दराने भागून चालत नाही आणि दरांची सरासरी काढून तर मुळीच नाही. महिन्यात आधी किती युनिट विकत घेतलेत ते बघायचं आणि टप्पा भरत जायचं.

समजण्यापुरते दर धरू, पहिल्या शंभराला ७ रुपये आणि पुढच्यांना १३. महिन्यात आधीच ६० युनिट घेतलेत आणि आता वीज आकार ८५१.९० आहे. पहिल्या टप्प्यात ४० युनिटांची जागा उरली, त्याचे २८० गेले. उरलेले ५७१.९० तेराने भागले की ४४. एकूण ८४ युनिट. हेच पैसे महिन्याच्या सुरुवातीला कोऱ्या खात्यावर पडले असते तर शंभर युनिट सातने आणि उरलेल्या १५१.९० चे ११.७ युनिट तेराने, म्हणजे १११.७ आले असते. त्यात त्या महिन्याचा स्थिर आकार निघून गेलेला असेल असं मी इथे धरलंय.

अशा पावतीत दराची ओळ एकच असेल तर ती बहुधा शेवटच्या टप्प्याची असते आणि तिच्यावरून काढलेलं उत्तर कमी येतं. दोन टप्प्यांच्या दोन ओळी असल्या तरच तो फोटो पुरेसा समजा.

खालच्या गाळ्यातली पावती

तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांची पावती आणि वरच्या खोलीची पावती शेजारी ठेवून कोणी फरक विचारला तर तो निघणारच. व्यापारी वापरावर वीज शुल्क २१ टक्के आहे, म्हणून तिथे १.२१ ने भागायचं. शिवाय व्यापारी वापराला प्रति युनिट काही पैसे वीज विक्रीकर असतो. तो टक्क्यांत नसून युनिटावर असल्यामुळे दरातच मिळवून धरावा लागतो, आणि त्यावर शुल्क लागत नाही. त्यामुळे आधी दर शुल्कासकट करायचा, मग त्यात ते पैसे मिळवायचे आणि शुल्कासकटच्या रकमेला त्याने भागायचं. खोलीच्या पावतीवर चुकून २१ टक्के दिसले तर मीटरची वर्गवारीच चुकीची नोंदवली गेलीय. असं एका खोलीचं निघालं होतं. आधी तिथे क्लास चालायचा, तो बंद झाल्यावर वर्गवारी कोणी बदललीच नव्हती.

यंत्रणेला काय लिहायचं

"युनिट कमी आले, बघा" असं लिहिलं की "सिस्टीम बरोबर आहे" असं उत्तर येतं. आकडे मांडून लिहिलं की माणूस हिशेब उघडून बघतो. शुल्क दोनदा लागल्याचा संशय असेल तर मी असं पाठवतो:

"मीटर क्रमांक अमुक, पावती तारीख अमुक. भरलेले ५००, सेवा शुल्क जीएसटीसह ११.८०. थकबाकीच्या ओळीत १५०.८० आहेत, त्यात १६ टक्के शुल्क आधीच धरलेलं आहे. तरी ही रक्कम शुल्काआधीच्या ४२०.८६ मधून वजा केलेली दिसते. त्याप्रमाणे १५.२ युनिट मिळाले. थकबाकी ४८८.२० मधून वजा केल्यास १७.५ युनिट येतात. २.३ युनिटांचा फरक पुढच्या टोकनमध्ये द्यावा. पावतीचा आणि मीटरच्या आधी-नंतरच्या आकड्यांचा फोटो जोडला आहे."

उत्तरात टक्केवारी किंवा नियम सांगितला गेला तर त्याच पावतीवर तो लावून किती युनिट येतात ते त्यांनाच लिहून द्यायला सांगायचं.